बेसनाच्या पेट्या, सरकती सरासरी आणि सरकणारी दिवाळी: प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा किराणा वितरक. साधारण १८० दुकाने, दोन टेम्पो, एक गोदाम. काम एवढेच: दर महिन्याच्या सुरुवातीला कंपनीकडे किती पेट्यांची ऑर्डर टाकायची, याचा अंदाज एक्सेलमध्ये बसवून द्यायचा. माल यायला सहा-सात दिवस लागतात.

सगळा माल एकदम हाती घ्यायचा नाही. सुरुवात एकाच मालापासून, बेसनाच्या ५०० ग्रॅमच्या पाकिटापासून. पेटीत २० पाकिटे, म्हणजे पेटी १० किलोची. बेसन निवडण्याचे कारण असे की दिवाळीत ते दुपटीने खपते आणि उरले तर गोदामात जाळी धरते. अंदाज चुकला की दोन्हीकडून फटका बसतो.

एप्रिल २०२२ ते जुलै २०२५ अशा ४० महिन्यांची बिले उपलब्ध आहेत. खाली दिलेले सगळे आकडे एका ठरावीक गुणकाने बदललेले आहेत. धंद्याचा खरा आकार उघड होत नाही, प्रमाण मात्र तेच राहते.

सध्याची पद्धत मालकांची: गेल्या वर्षीचा तोच महिना, वर दहा टक्के. नवीन पद्धत हिच्यापेक्षा चांगली ठरली तरच ठेवायची. तुलनेसाठी हा कॉलम शेवटपर्यंत शीटमध्ये राहील.

६ ऑगस्ट २०२५

बिलांच्या ओळींवरून महिन्याची बेरीज. `Bill` शीटमध्ये A कॉलमला तारीख, C ला मालाचा कोड, D ला पेट्या. दुसऱ्या शीटमध्ये A2 मध्ये ०१-०४-२०२२ ही खरी तारीख आणि खाली `EDATE` ने पुढचे महिने. B2 मध्ये:

```
=SUMIFS(Bill!$D:$D,Bill!$C:$C,"BSN500",Bill!$A:$A,">="&A2,Bill!$A:$A,"<"&EDATE(A2,1))
```

सूत्र बरोबर असूनही मे २०२३ ला अवघ्या १४ पेट्या दिसल्या. बिलवहीत त्या महिन्याला ३४० आहेत. त्या महिन्याची फाइल दुसऱ्या संगणकावरून आली होती आणि एक्सेलने तारखा महिना-दिवस अशा क्रमाने वाचल्या. त्यामुळे १३ ते ३१ तारखा मजकूर म्हणूनच राहिल्या, आणि मजकूर झालेली तारीख `SUMIFS` गुपचूप वगळते. १ ते १२ तारखांचे त्याहून वाईट झाले: ३ मे ही ५ मार्च झाली, ८ मे ही ५ ऑगस्ट झाली. मे महिन्यात उरली ती एकटी ५ तारीख, कारण ती दोन्हीकडून वाचली तरी तीच. बाकीच्या पेट्या बाकीच्या अकरा महिन्यांच्या पाच तारखेला जाऊन बसल्या.

मजकूर राहिलेल्या तारखा डोळ्यांना कळतात, त्या सेलच्या डाव्या कडेला चिकटतात. उलट्या झालेल्या तारखा मात्र उजवीकडेच असतात, अगदी साळसूद दिसतात. त्या पकडण्याचा एकच खात्रीचा मार्ग: प्रत्येक महिन्याची बेरीज विक्री नोंदवहीशी ताडून पाहणे. Text to Columns ने फक्त मजकूर झालेल्या तारखा सुधारतात, उलटलेल्या नाहीत. म्हणून ती फाइल पुन्हा Data, From Text/CSV मधून आणली आणि तारखेच्या कॉलमला दिवस-महिना-वर्ष वाचणारा English (India) हा पर्याय दिला. आता ४० च्या ४० महिने जुळतात.

आकडा जुळला म्हणजे तो मागणी दाखवतो असे नाही. तीन दुरुस्त्या कराव्या लागल्या.

परत आलेला माल: चुकीचे बिल रद्द झाले असेल तर त्या पेट्या वजा केल्या. मुदत संपून परत आलेली पाकिटे वजा केली नाहीत. ती विक्री चार महिन्यांपूर्वी झालेली असते. आज वजा केली तर या महिन्याची मागणी उगाच कमी दिसते.

महिनाअखेरचे बिल: टार्गेट गाठायला ३१ तारखेला बिल फाडायचे आणि माल २ तारखेला पोचवायचा, ही सवय सगळीकडे आहे. तारीख बिलाची न घेता डिलिव्हरीची घेतली.

मालच नसलेले दिवस: फेब्रुवारी २०२५ मध्ये विक्री २५९ दिसते. पण रविवार सोडून असलेल्या २४ दिवसांपैकी ६ दिवस गोदामात बेसनच नव्हते. १८ दिवसांत २५९, म्हणून २४ दिवसांचे २५९ × २४ ÷ १८ = ३४५. शीटमध्ये ३४५ घेतले आणि सेल पिवळा केला. ही दुरुस्ती थोडी सढळ असू शकते. काही दुकानदारांनी दुसऱ्या छापाचे बेसन घेतले असेल, तर काहींनी थांबून मार्चमध्ये घेतले असेल. तरीही २५९ हा आकडा मागणी नव्हे, गोदामाची कहाणी सांगतो. तो तसाच ठेवणे जास्त चूक.

९ ऑगस्ट २०२५

तीन महिन्यांची सरकती सरासरी: मागच्या तीन महिन्यांच्या विक्रीची सरासरी हाच पुढच्या महिन्याचा अंदाज. पहिला अंदाज जुलै २०२२ चा, म्हणजे ५ व्या ओळीत. सरासरीत किती महिने घ्यायचे ती खिडकीची लांबी H1 मध्ये ठेवली, म्हणजे ३ च्या जागी ४ किंवा ६ टाकून पाहता येते:

```
=AVERAGE(INDEX(B:B,ROW()-$H$1):INDEX(B:B,ROW()-1))
```

इथे `ROW()-1` महत्त्वाचे. अंदाज ज्या महिन्याचा आहे तो महिना सरासरीत यायला नको. एक्सेलच्या Data Analysis मधले Moving Average साधन वापरले तर सरासरी त्याच महिन्याच्या ओळीत येते, तोही महिना मोजून. आलेखावरच्या Trendline चेही तेच. त्या रेषेला अंदाज समजले तर चूक फार कमी दिसते, कारण उत्तर आधीच प्रश्नात घातलेले असते. साधन वापरायचेच असेल तर अख्खा कॉलम एक ओळ खाली सरकवावा.

आणखी एक खाच. चालू महिना संपलेला नसेल तर B मध्ये अर्धवट बेरीज येते, पुढच्या महिन्याला शून्य. `AVERAGE` शून्य मोजते, रिकामा सेल मोजत नाही. म्हणून महिना बंद झाल्याशिवाय B चे सूत्र खाली ओढायचे नाही, असा नियम शीटच्या माथ्यावर लिहिला.

साध्या महिन्यांत ही सरासरी चांगली चालते. एप्रिल ते जुलै २०२५ चे अंदाज ३६२, ३७२, ३८७, ३८०. प्रत्यक्ष विक्री ३८०, ३९०, ३७०, ३७५. सरासरी चूक १५ पेट्या, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास. एवढ्यासाठी याहून काही करायची गरज नाही.

दिवाळीत मात्र ती साफ झोपते. २०२४ चे चार महिने:

| महिना | अंदाज | प्रत्यक्ष |
|---|---|---|
| ऑक्टोबर २०२४ | ३९३ | ७५० |
| नोव्हेंबर २०२४ | ५२७ | २७० |
| डिसेंबर २०२४ | ४८७ | ३३० |
| जानेवारी २०२५ | ४५० | ३५० |

एका ऑक्टोबरने चार महिने बिघडवले. आधी माल कमी पडतो, मग ऑक्टोबरचे ७५० खिडकीत शिरतात आणि पुढचे तीन महिने अंदाज फुगवतात. दुकानदारांकडे दिवाळीचे उरलेले बेसन असते, मागणी तळाला असते, आणि नेमके तेव्हाच शीट दुप्पट ऑर्डर टाकायला सांगते. खिडकी ६ महिन्यांची केली तर फुगवटा कमी होतो, पण तो सहा महिने टिकतो. लांबी बदलून हा प्रश्न सुटणारा नाही.

वाढीमुळे सरासरी मागे पडते का, हेही तपासले. महिन्याची वार्षिक सरासरी तीन वर्षांत ३४२, ३६५, ३९० अशी गेली, म्हणजे दरमहा दोन पेट्यांची वाढ. तीन महिन्यांच्या खिडकीचा मध्य अंदाजाच्या महिन्यापासून दोन महिने मागे असतो, म्हणजे उणीव चार पेट्यांची. सोडून दिली.

१३ ऑगस्ट २०२५

हंगामासाठी पुस्तकी मार्ग: बारा महिन्यांची मध्यावर बसवलेली सरासरी काढायची, प्रत्यक्ष विक्रीला तिने भागायचे, आणि प्रत्येक महिन्याचा हंगामी गुणक मिळवायचा. बारा ही सम संख्या असल्याने मध्य दोन महिन्यांच्या फटीत पडतो. म्हणून लागोपाठच्या दोन खिडक्यांची सरासरी घ्यायची. ऑक्टोबर २०२२ च्या ओळीत, म्हणजे D8 मध्ये:

```
=(SUM(B2:B13)+SUM(B3:B14))/24
```

आणि E8 मध्ये `=B8/D8`. ४० महिन्यांतून २८ गुणक मिळाले, पहिले सहा आणि शेवटचे सहा महिने जातात.

गुणक एकमेकांशी जुळत नाहीत. ऑक्टोबरचे तीन वर्षांचे १.८१, १.५३, १.९२. नोव्हेंबरचे ०.७३, १.३६, ०.६९. नोव्हेंबरची सरासरी ०.९२ येते, पण ०.९२ च्या जवळपासचा नोव्हेंबर या तीन वर्षांत एकदाही झालेला नाही. एका पायाला बर्फ आणि दुसऱ्याला निखारा लावून सरासरी तापमान काढल्यासारखे झाले.

बाराही गुणकांची बेरीज १२ यायला हवी, ११.९४ आली. फरक अर्ध्या टक्क्याचा, त्याची चिंता नाही. चिंता आहे ती खाली.

बारा महिन्यांची बेरीज सपाट असायला हवी होती, तशी ती नाही. नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ ची बेरीज ४०७०. नोव्हेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४ ची ४८००. वर्षभरात अठरा टक्के वाढ! आणि लगेच पुढची खिडकी, डिसेंबर २०२३ ते नोव्हेंबर २०२४: ४५७०. एका महिन्यात २३० पेट्या गायब. दुकाने तीच, टेम्पो तेच.

१८ ऑगस्ट २०२५

कारण पंचांगात आहे. लक्ष्मीपूजनाच्या तारखा:

२०२२: २४ ऑक्टोबर
२०२३: १२ नोव्हेंबर
२०२४: १ नोव्हेंबर
२०२५: २१ ऑक्टोबर

२०२२ ते २०२३ या दोन दिवाळ्यांमध्ये ३८४ दिवस गेले, कारण २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. २०२३ ते २०२४ मध्ये ३५५ दिवस. यंदा ३५४. इंग्रजी बारा महिन्यांची खिडकी ३६५ दिवसांची. ती कधी अर्धी दिवाळी पकडते, कधी दीड. नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या खिडकीत २०२२ ची दिवाळी नाही आणि २०२३ च्या दिवाळीची फक्त ऑक्टोबरमधली खरेदी आहे. पुढच्या वर्षीच्या खिडकीत २०२३ च्या दिवाळीची नोव्हेंबरमधली खरेदी आहे आणि २०२४ चा अख्खा ऑक्टोबर. म्हणून ४०७० आणि ४८००. अठरा टक्के वाढ वगैरे काही नाही, दिवाळी खिडकीतून आत-बाहेर झाली.

हा दोष दिवाळीच्या महिन्यांपुरताही राहत नाही. एप्रिलचा गुणक २०२३ मध्ये ०.९७, २०२४ मध्ये ०.९१. एप्रिलमध्ये काहीच घडलेले नाही. खालचा भाजकच ३४२ वरून ३९२ ला गेला. साध्या महिन्यालाही दिवाळीचा डाग लागतो.

एक्सेलमधले `FORECAST.ETS` वापरा अशी सूचना हमखास येते. त्यात हंगामाची लांबी ठरावीक असते, मासिक आकड्यांना १२. दिवाळी त्यालाही १२ व्या ओळीतच हवी असते. आजार तोच.

२२ ऑगस्ट २०२५

तोडगा: महिना सोडायचा, गठ्ठा धरायचा. दिवाळी कधीही आली तरी तिच्याआधीची उचल आणि नंतरची मंदी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांच्या आतच राहते. आत कुठे सरकते ते सरकू दे, गठ्ठ्याची बेरीज स्थिर राहते का ते पाहायचे. मोजमापासाठी पाया म्हणून त्याच वर्षीच्या एप्रिल ते ऑगस्ट या पाच महिन्यांची सरासरी.

| वर्ष | पाया | सप्टें. | ऑक्टो. | नोव्हें. | डिसें. | गठ्ठा | गठ्ठा ÷ पाया |
|---|---|---|---|---|---|---|---|
| २०२२ | ३१५ | ४१० | ६२० | २५० | ३०० | १५८० | ५.०२ |
| २०२३ | ३२७ | ३८० | ५६० | ५०० | २९० | १७३० | ५.२९ |
| २०२४ | ३६१ | ४४० | ७५० | २७० | ३३० | १७९० | ४.९६ |

नोव्हेंबर एकटा २५० ते ५०० असा नाचतो, पण गठ्ठ्याचे प्रमाण पाचाच्या आसपास ठाम आहे. पाया म्हणजे शेवटी पाच महिन्यांची सरकती सरासरीच, फक्त ती दिवाळी न लागलेल्या महिन्यांवर काढलेली. सरासरीचे काम पातळी सांगणे एवढेच. हंगामाचे काम तिच्यावर लादले की ती चुकते.

२०२३ चे ५.२९ इतरांपेक्षा वर का? त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. गौरी-गणपतीच्या फराळाची उचल गठ्ठ्याच्या आत आली. २०२२ मध्ये चतुर्थी ३१ ऑगस्टला, म्हणजे ती उचल पायात गेली. २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, तीही बरीचशी ऑगस्टअखेरच उरकली. यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. म्हणून यंदासाठी २०२३ बाजूला ठेवायचे आणि २०२२ व २०२४ ची सरासरी ४.९९ धरायची. दोनच वर्षांवर उभा असलेला आकडा आहे, हे शीटवर लिहून ठेवले.

२ सप्टेंबर २०२५

ऑगस्ट बंद: ४०५ पेट्या. पाया = (३८० + ३९० + ३७० + ३७५ + ४०५) ÷ ५ = ३८४. गठ्ठा = ३८४ × ४.९९ = १९१६ पेट्या.

आता वाटणी. यंदाची २१ ऑक्टोबर ही तारीख २०२२ च्या २४ ऑक्टोबरला सर्वांत जवळ आहे, तीन दिवस अलीकडे. २०२२ ची बिले दिवाळीपासूनच्या अंतरावर मोजून यंदाच्या तारखेवर आणली. `Bill` शीटमध्ये नव्या कॉलमला:

```
=DATE(2025,10,21)-(DATE(2022,10,24)-A2)
```

३ ऑक्टोबर २०२२ चे बिल दिवाळीच्या २१ दिवस आधीचे होते, ते ३० सप्टेंबर २०२५ वर येते. म्हणजे २०२२ च्या १ ते ३ ऑक्टोबरच्या ४४ पेट्या सप्टेंबरात जातात. १ ते ३ नोव्हेंबरच्या २२ पेट्या ऑक्टोबरात, १ ते ३ डिसेंबरच्या ३० नोव्हेंबरात. १ ते ३ सप्टेंबरच्या ३४ पेट्या ऑगस्टात सांडतात. गठ्ठा फुटू नये म्हणून त्या तीन साध्या दिवसांची विक्री डिसेंबरच्या शेवटी जोडली.

सप्टेंबर ४१० + ४४ − ३४ = ४२०. ऑक्टोबर ६२० − ४४ + २२ = ५९८. नोव्हेंबर २५० − २२ + ३० = २५८. डिसेंबर ३०० − ३० + ३४ = ३०४. बेरीज पुन्हा १५८०.

याच प्रमाणात १९१६ वाटले: सप्टेंबर ५०९, ऑक्टोबर ७२५, नोव्हेंबर ३१३, डिसेंबर ३६९.

बाजूला बाकीच्या पद्धतींचे सप्टेंबर ते नोव्हेंबरचे आकडे गोठवले. इंग्रजी महिन्यांच्या गुणकांनी, पातळी गेल्या बारा महिन्यांची सरासरी ४०० धरून, ४३५, ७०१, ३६९. मालकांच्या दहा टक्क्यांनी ४८४, ८२५, २९७. तीन महिन्यांची सरासरी दर महिन्याला ताजी काढायची, सप्टेंबरसाठी ती ३८३.

सप्टेंबरातच पद्धतींचे रस्ते फुटतात. दिवाळी लवकर आली की दुकानदार सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उचलू लागतो. ३८३ च्या भरवशावर राहिले तर माल २२-२३ तारखेला संपेल.

६ सप्टेंबर २०२५

फरसाणाच्या पाकिटांनाही हीच शीट लावा, अशी मागणी आली. यंदा नाही. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने पाकीटबंद फरसाण-नमकीनचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आणल्याचे जाहीर झाले, लागू २२ सप्टेंबरपासून. दुकानदारांनी तेव्हापासून हात आखडता घेतला आहे, तीन आठवडे थांबले की माल स्वस्त मिळणार. सप्टेंबरचा पहिला भाग कोरडा जाईल, २२ नंतर दिवाळी आणि थांबलेली खरेदी एकत्र येईल. मागच्या कुठल्याही सरासरीला हे माहीत नाही.

फरसाणाचा सप्टेंबर आणि ऑक्टोबर पुढे एकत्रच नोंदवायचा आणि सेल रंगवून ठेवायचा. नाही तर पुढच्या वर्षी कोणी तरी २०२५ च्या वाटणीवरून सप्टेंबरची ऑर्डर कापेल. पाकीटबंद बेसनाचा दर ५ टक्केच होता आणि तोच आहे, त्यामुळे बेसनाच्या शीटला हात लावायला नको.

१ ऑक्टोबर २०२५

सप्टेंबर ५२८. अंदाज ५०९, म्हणजे १९ ने कमी पडला. शेवटच्या आठवड्यात गोदामातल्या राखीव पेट्या वापराव्या लागल्या.

प्रश्न असा की ऑक्टोबरचे ७२५ आता वाढवायचे का. सप्टेंबर जास्त गेला म्हणजे मागणी वाढली, की तीच मागणी आधी आली? वाढवले नाही. गठ्ठा पायावरून ठरलेला आहे आणि पायात काही बदललेले नाही. मागणी वाढल्याचा पुरावा हवा असेल तर नवी दुकाने किंवा नवा रूट दिसायला हवा, तसे काही नाही.

ऑर्डर मात्र एकदम टाकली नाही. ३०० पेट्या १ तारखेला गोदामात, २५० आठ तारखेला. उरलेल्यांचा निर्णय १० तारखेला, तोवरची विक्री पाहून. त्यानंतर टाकलेली ऑर्डर दिवाळीआधीच्या शेवटच्या फेरीला जेमतेम पोचते.

३ नोव्हेंबर २०२५

ऑक्टोबर ६९४. अंदाज ७२५, ३१ ने जास्त. सप्टेंबर आणि ऑक्टोबर मिळून अंदाज १२३४, प्रत्यक्ष १२२२. म्हणजे सप्टेंबरची जादा विक्री ही बहुतेक आधी झालेली उचलच होती.

१० तारखेला तिसरी ऑर्डर १५० ची टाकली होती. महिन्याची सुरुवातीची शिल्लक ४० धरून महिनाअखेर ४६ पेट्या उरल्या. मालकांच्या पद्धतीने ८२५ मागवल्या असत्या तर १३१ पेट्या जादा झाल्या असत्या. म्हणजे सव्वा टनाहून जास्त बेसन, मंदीच्या तोंडावर. त्यांची पद्धत इथे का चुकते तेही स्पष्ट आहे: १ नोव्हेंबरच्या दिवाळीत जवळजवळ सगळी उचल ऑक्टोबरात बसते. २१ ऑक्टोबरच्या दिवाळीत तिचा एक तुकडा सप्टेंबरात जातो आणि दिवाळीनंतरचे सुस्त दहा दिवस ऑक्टोबरात येतात.

२ डिसेंबर २०२५

नोव्हेंबर ३०१. तिन्ही महिन्यांचा ताळेबंद:

| पद्धत | सप्टें. (५२८) | ऑक्टो. (६९४) | नोव्हें. (३०१) | सरासरी चूक |
|---|---|---|---|---|
| तीन महिन्यांची सरासरी | ३८३ | ४३६ | ५४२ | २१५ |
| गेले वर्ष + १०% | ४८४ | ८२५ | २९७ | ६० |
| इंग्रजी महिन्याचा गुणक | ४३५ | ७०१ | ३६९ | ५६ |
| गठ्ठा आणि वाटणी | ५०९ | ७२५ | ३१३ | २१ |

सरासरी चुकीचे सूत्र, अंदाज F मध्ये असताना:

```
=SUMPRODUCT(ABS(B43:B45-F43:F45))/3
```

ऑक्टोबरात इंग्रजी महिन्याच्या गुणकाने सर्वांत जवळचा आकडा दिला, हे नोंदवून ठेवायला हवे. पण तो नेम धरून मारलेला नाही: २०२३ च्या अर्ध्या ऑक्टोबरने गुणक खाली ओढला आणि यंदाचा ऑक्टोबरही योगायोगाने तेवढाच खाली होता. त्याच गुणकाचे सप्टेंबर आणि नोव्हेंबर अनुक्रमे ९३ आणि ६८ पेट्यांनी चुकले.

तीन महिन्यांच्या सरासरीला दर महिन्याला ताजा आकडा मिळत होता, गठ्ठ्याचे अंदाज २ सप्टेंबरला गोठवलेले होते. तरी हा निकाल.

तीन महिन्यांची सरासरी काढून टाकायची नाही. फेब्रुवारी ते ऑगस्ट तीच वापरायची. जानेवारीसाठी तिच्या खिडकीत ऑक्टोबर येतो, म्हणून जानेवारीला एप्रिल-ऑगस्टचा पाया वापरायचा. यंदाच्या जानेवारीला तो ३६१ सांगतो, प्रत्यक्ष ३५०. सरकत्या सरासरीचे ४५० पाहता पुरेसे आहे. फेब्रुवारीच्या खिडकीत नोव्हेंबरची मंदी राहते, त्यामुळे तो अंदाज किंचित खाली येतो. तेवढे चालेल.

२०२६ साठी शीटमध्ये आत्ताच भरले: लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबर, गणेश चतुर्थी १४ सप्टेंबर. मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ असल्याने सण पुन्हा उशिरा आहेत. गणपती गठ्ठ्याच्या आत येतो, म्हणून प्रमाण ४.९९ नव्हे, २०२३ चे ५.२९. वाटणीही २०२३ चीच, चार दिवस अलीकडे सरकवून. नोव्हेंबर २०२५ च्या ३०१ वर दहा टक्के चढवून ऑर्डर टाकली तर पुढच्या दिवाळीच्या आठवड्यात गोदाम रिकामे असेल, असा शेरा नोव्हेंबर २०२६ च्या सेलला लाल अक्षरांत जोडला.